दस्तनोंदणीच्या दिवशीचे पाच शिक्के

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत नोंदवलेला कोणताही खरेदीदस्त हातात घ्या आणि शेवटची पानं उघडा. तिथे ‘दस्त गोषवारा भाग-2’ या मथळ्याखाली पक्षकारांची छायाचित्रं आणि अंगठ्यांचे ठसे दिसतील. त्यांच्या आसपास पाच शिक्क्यांच्या नोंदी असतात आणि प्रत्येकीपुढे तारीख व वेळ छापलेली असते : सादरीकरण, फी, कबुली, ओळख आणि शेवटी पुस्तक क्रमांक 1 मधली नोंद. दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी जे काही घडतं, ते या पाच नोंदींत आलेलं असतं. घर घेताना आपण दराची आणि कर्जाची चौकशी महिनोन्महिने करतो, पण या पानांकडे बहुतेकांचं लक्ष जातं ते पुढे काही अडलं की मगच.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला एक फ्लॅट वडिलांच्या पश्चात आई, मुलगा आणि मुलगी या तिघांच्या नावावर आहे. तिघं मिळून तो 48 लाखांना एका दांपत्याला विकताहेत. मुलगी नागपूरला असते. मागच्या आठवड्यात येऊन तिने दस्तावर सही केली आहे, पण नोंदणीच्या दिवशी तिला येता येणार नाही.

तयारी घरूनच सुरू होते. दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधीच भरायची आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ‘ग्रास’ प्रणालीतून ऑनलाइन भरायची. मुद्रांक शुल्क ठरतं ते मोबदला आणि बाजारमूल्य यांत जी रक्कम मोठी असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का आहे, पण जास्तीत जास्त 30 हजार. म्हणून 48 लाखांच्या या व्यवहारातही ती 30 हजारच. दस्त हाताळणी फी पानांच्या हिशोबाने वेगळी भरायची असते.

कार्यालयात पोचल्यावर आपला नंबर आला की मूळ दस्त टेबलावर जातो. कागद आणि चलन तपासून तो दाखल करून घेतला की पहिला शिक्का, सादरीकरणाचा. ही वेळ महत्त्वाची, कारण दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो सादर व्हावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत तो स्वीकारला जाऊ शकतो, पण दंड भरून, आणि हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

फीच्या शिक्क्यासोबत संगणकातली पावती निघते. याच वेळी तुमचं चलन ‘डिफेस’ होतं, म्हणजे ते या दस्तासाठी वापरलं गेल्याची नोंद सरकारी प्रणालीत होते आणि तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. पावतीवर दस्ताचा अनुक्रमांक, सादर करणाऱ्याचं नाव, पानांची संख्या, बाजारमूल्य, मोबदला आणि भरलेलं शुल्क असतं. मूळ दस्त, थंबनेल प्रिंट आणि सूची-2 अंदाजे किती वाजता मिळेल, हेही खाली लिहिलेलं असतं. पावती मिळाली म्हणजे नोंदणी झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पावती मिळाली याचा अर्थ दस्त दाखल झाला आणि फी भरली गेली, एवढाच.

नोंदणीचा खरा गाभा तिसऱ्या शिक्क्यात आहे. दुय्यम निबंधक लिहून देणाऱ्याला विचारतात, की हा दस्त तुम्हीच करून दिलात का, ही सही तुमचीच का. त्याचं ‘हो’ म्हणजे कबुली. फ्लॅटची मालकी खरोखर तुमचीच आहे का, याचा निवाडा अधिकारी इथे करत नाहीत. ते काम खरेदीदाराच्या वकिलाचं, आणि ते या दिवसाच्या आधी व्हायला हवं. कोणी ‘ही सही माझी नाही’ म्हणालं, तर त्या व्यक्तीपुरती नोंदणी नाकारली जाते.

आपल्या उदाहरणात आई आणि मुलगा कबुली देतात. मुलीची कबुली बाकी राहते. तिला नंतर मुदतीत येऊन ती देता येते, पण तोवर तिच्या हिश्शापुरती नोंदणी झालेली नसते. खरेदीदाराने तीनही विक्रेत्यांचा पूर्ण मोबदला त्याच दिवशी देऊन टाकला, तर तो स्वतःहून धोका पत्करतो. मुलीच्या वाट्याची रक्कम तिच्या कबुलीच्या दिवशी द्यायची, असं दस्त लिहितानाच ठरवून घ्यावं.

कबुलीबरोबर छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. 2001 च्या दुरुस्तीने नोंदणी कायद्यात आलेल्या कलम 32-अ नुसार स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणात विकणारा आणि घेणारा, दोघांचेही छायाचित्र व ठसे दस्तावर लागतात. म्हणून खरेदीदार दांपत्यालाही कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. आईच्या बाबतीत अडचण येऊ शकते. वयाने आणि आयुष्यभराच्या धुण्याभांड्यांनी अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. छापण्यापुरता ठसा यंत्र उमटवून घेतं, पण आधारच्या नोंदीशी तो जुळेलच असं नाही.

म्हणूनच ओळखीचा शिक्का आजही महत्त्वाचा आहे. आधारची पडताळणी पक्षकारांच्या संमतीने यशस्वी झाली, तर वेगळे ओळखदार लागत नाहीत. ती झाली नाही, तर दोन माणसांनी पुढे येऊन सांगावं लागतं, की आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो. त्यांचेही ठसे, छायाचित्र आणि सही गोषवाऱ्यावर येते. त्यामुळे आईसोबत असे दोघे, आपापलं ओळखपत्र घेऊन, आधीपासूनच बरोबर असलेले बरे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. दस्ताच्या अखेरीस सही करणारे साक्षीदार वेगळे. पक्षकारांनी सही केली, याचे ते साक्षी असतात. बक्षीसपत्राला असे किमान दोन साक्षीदार कायद्यानेच लागतात. खरेदीखतावर ते रूढीने घेतले जातात. ओळखदार मात्र निबंधकांपुढे माणसाची ओळख पटवतो. दोन्ही कामं तीच दोन माणसं करू शकतात, पण जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत.

कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या, आपल्याला ओळखतही नसलेल्या माणसाला ओळखदार म्हणून उभं करण्याची पद्धत मला भयंकर वाटते. तोतया विक्रेत्याला उभं करून दुसऱ्याची मालमत्ता विकायची असेल, तर सगळा डाव खोट्या ओळखीवरच उभा राहतो. निबंधकांपुढे हेतुपुरस्सर खोटं निवेदन करणं आणि तोतयेगिरी करणं, हे दोन्ही कलम 82 खाली गुन्हे आहेत आणि त्यांना सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारी, नातेवाईक, सोसायटीचे सचिव यांपैकी खरोखर ओळखणारं कोणीतरी घेऊन जा आणि समोरच्या पक्षाचे ओळखदार त्यांना कुठून ओळखतात, हेही विचारा.

सगळ्यांच्या कबुल्या झाल्या, दस्ताची पानं स्कॅन झाली, की पुस्तक क्रमांक 1 मधल्या नोंदीचा शिक्का पडतो. हातात मूळ दस्त, प्रत्येक पानाची छोटी प्रतिमा असलेली थंबनेल प्रिंट आणि सूची-2 येते. बँक, सोसायटी, नगर भूमापन कार्यालय यांच्याकडे पुढे मागितली जाते ती सूची-2. तिच्यातलं क्षेत्रफळ, फ्लॅट क्रमांक, नावांचं स्पेलिंग आणि मोबदला टेबलावरून उठण्याआधी वाचा. चूक बहुधा घरी भरलेल्या माहितीतूनच आलेली असते, त्यामुळे तिथल्या छापील प्रतीवर सही करण्याआधी ती मूळ दस्ताशी ताडून पाहिली, तर चूक तिथेच सापडते. दस्तातलीच चूक नोंदणीनंतर लक्षात आली, तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, आणि त्यासाठी आई, मुलगा, नागपूरची मुलगी आणि खरेदीदार या सगळ्यांना पुन्हा दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं लागतं.