वंशावळीची यादी ते झाडाचा तक्ता

बडनेऱ्यातल्या घरची वंशावळ मांडण्याआधी परिचित घराण्यावर हात बसवा. निजामासोबत वऱ्हाडचा महसूल वाटून घेणाऱ्या नागपूरकर भोसल्यांची मांडणी (निवडक नावे) अशी होते :

```
रघुजी (पहिले)
    जानोजी
    मुधोजी
        रघुजी (दुसरे) – जानोजींना दत्तक
            परसोजी
        खंडोजी (चिमणाबापू)
        व्यंकोजी (मन्याबापू)
            मुधोजी (आप्पासाहेब)
    साबाजी
    बिंबाजी
```

पायऱ्या : एका ओळीत एकच व्यक्ती, आणि दर पिढीला एक टॅब आत. स्पेस देऊन सरकवू नका; फॉन्ट बदलला की ओळी हलतात. एखादी ओळ वरच्या ओळीपेक्षा एकदम दोन टॅब आत गेली, तर मधली पिढी सुटली असे समजा.

दत्तक : दुसऱ्या रघुजींना जानोजी आणि मुधोजी या दोघांखाली लिहिले, तर परसोजीही दोनदा छापले जातील. म्हणून नाव जन्मदात्याखाली ठेवा आणि तक्त्यात दत्तक पित्यापासून तुटक रेघ ओढा.

कागद : तक्त्याची रुंदी पिढ्यांवर ठरत नाही. ज्यांच्याखाली यादीत पुढे नाव नाही, त्यांच्या संख्येवर ती ठरते. इथे अशी नावे सहा आहेत : जानोजी, परसोजी, खंडोजी, आप्पासाहेब, साबाजी, बिंबाजी. प्रत्येकाला ४ सेंमी दिले तर २४ सेंमी होतात. आडवा ए-४ कागद २९.७ सेंमी रुंद असल्याने समास सोडूनही तक्ता मावतो. अशी नावे सातांवर गेली, तर ए-३ घ्या किंवा मूळ पुरुष डावीकडे ठेवून झाड उजवीकडे वाढवा.