चुलीपुढची धाप
आयुष्यभर चुलीवर रांधलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या साठीच्या बाईला धाप लागली, की घरचे दमाच म्हणतात. ती सीओपीडी असू शकते. दम्यात श्वासनलिका सुजून आवळतात. त्रास बहुधा लहानपणी सुरू होतो, पहाटे उसळतो, मधले दिवस मोकळे जातात. धुराने मात्र नलिका जाड होतात, वायुकोश झिजतात आणि धाप वर्षागणिक वाढते.

स्पायरोमेट्रीत जोराने फुंकायचं, साल्ब्युटामॉल ओढून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा 900 मिलिलिटरवरून 960 वरच अडली, अडथळा तसाच राहिला, तर सीओपीडीचा संशय बळावतो. दम्यात ती बहुधा बरीच वाढते, आणि रोजच्या स्टेरॉइड पंपाने आजार आटोक्यात राहतो. काहींना दोन्ही असतात. औषध ठरण्याआधी ही तपासणी मागून घ्या.