परदेशी नोटा घ्यायला बँकेत जाताय? आधी ‘बाय’ आणि ‘सेल’ कुणाच्या बाजूने ते समजून घ्या



समजा तुमचा सांगलीत हळद-मसाल्याचा छोटा व्यवसाय आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच दुबईच्या गल्फूड प्रदर्शनाला निघालात. तिकीट झालं, व्हिसा आला. हॉटेलचे पैसे कार्डवर जातील, पण टॅक्सी, चहा-नाश्ता, किरकोळ खर्च यासाठी हाताशी 4,000 दिरहम हवेत. मोबाईलवर दर बघितला तर एका दिरहमला 23.70 रुपये. म्हणजे 94,800 रुपये. गल्ल्यातले पैसे घेऊन तुम्ही शाखेत जाता आणि तिथे दोन धक्के बसतात. एक म्हणजे दर वेगळा आणि दुसरं म्हणजे रोख रक्कम घेणार नाही. हे दोन्ही धक्के टाळता येतात. (या लेखातले दर फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. रोजचा दर रोज बदलतो.)

दराचा तक्ता कसा वाचायचा?

मोबाईलवर दिसतो तो बँका आपापसात मोठे व्यवहार करतात त्याच्या आसपासचा दर. तो तुमच्यासाठी नाही. शाखेत दोन दर असतात, बाय आणि सेल. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. त्याला वाटतं, ‘मी दिरहम विकत घेतोय, म्हणजे मला बाय रेट लागणार.’ उलटं आहे! दोन्ही शब्द बँकेच्या बाजूने असतात. बँक तुम्हाला दिरहम विकते, म्हणून तुम्हाला सेल रेट लागतो. परत आल्यावर उरलेले दिरहम बँक तुमच्याकडून घेते, तेव्हा बाय रेट लागतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: दोनपैकी जो दर तुमच्या तोट्याचा, तो तुमचा.

स्टेट बँक रोज दराचा तक्ता काढते. त्यात TT, BILL, FOREX TRAVEL CARD आणि CN असे वेगवेगळे रकाने असतात. CN म्हणजे प्रत्यक्ष नोटा. तुम्ही CN SELL बघायचं. TT SELL हा परदेशी खात्यात पैसे पाठवायचा दर असतो. नोटांचा दर त्यापेक्षा महाग असतो, कारण नोटा मागवणं, विम्यासकट आणणं, तिजोरीत पडून राहणं हा सगळा खर्च त्यात धरलेला असतो. एखाद्या चलनासमोर 0.00 दिसलं तर ते फुकट नाही हां! त्या चलनाच्या नोटांचा दर बँकेने दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपला हिशोब करू

धरा, CN SELL आहे 24.70 आणि CN BUY आहे 22.60.

4,000 दिरहमचे होतात 98,800 रुपये. त्यावर जीएसटी आहे, पण तो पूर्ण रकमेवर 18 टक्के नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का (किमान 250 रुपये) ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर 18 टक्के लावतात. म्हणजे 988 रुपयांवर साधारण 178 रुपये. एकूण द्यायचे 98,978.

तुम्ही घरून 94,800 धरून निघाला होता. फरक 4,178 रुपयांचा. त्यातले 4,000 दरातच मुरलेले आहेत, पावतीवर ते कुठेही ‘कमिशन’ म्हणून दिसत नाहीत. म्हणून ‘झिरो कमिशन’ची पाटी बघून भुलू नका. दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: “मला 4,000 दिरहम हातात पडायला सगळं धरून किती रुपये द्यावे लागतील?” जो आकडा कमी, तो व्यवहार स्वस्त.

आता समजा 1,000 दिरहम उरले. ते घेताना 24,700 लागले होते, विकताना 22,600 मिळणार आणि त्यातून जीएसटीचे 45 जाणार. म्हणजे 2,145 रुपयांचं नुकसान, काहीही न खरेदी करता! म्हणून नोटा लागतील तेवढ्याच घ्या, बाकी खर्च कार्डवर ठेवा. आणि ‘आधी डॉलर घेऊ, तिकडे जाऊन दिरहम करू’ हा सल्ला कुणी दिला तर थांबा. दोनदा बदली म्हणजे हा फरक दोनदा भरणं.

कागदपत्रं कोणती?

मूळ पासपोर्ट, व्हिसाची प्रिंट, पक्कं तिकीट, पॅन कार्ड आणि ए-टू फॉर्म. हा फॉर्म शाखेतच मिळतो. त्यात प्रवासाचं कारण लिहायचं असतं आणि या आर्थिक वर्षात आधी किती परकीय चलन घेतलं तेही सांगायचं असतं. प्रवास 60 दिवसांच्या आत असायला हवा. पासपोर्ट, पॅन आणि तिकिटावरचं नाव एकसारखं आहे ना, हे घरीच तपासा.

दुसरा धक्का इथलाच आहे. 50,000 रुपये किंवा त्याहून जास्तीची खरेदी रोखीने होत नाही. चेक किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. ते स्वतःच्या खात्यातून द्या. मेहुण्याच्या किंवा भागीदाराच्या खात्यातून दिले तर शाखा नको म्हणते. गल्ल्यातली रोकड आधी खात्यात भरा, मग शाखेत जा.

मर्यादाही आहे. दुबईसारख्या ठिकाणी एका फेरीत 3,000 डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात, म्हणजे साधारण 11,000 दिरहम. त्यापुढचं चलन कार्डवर घ्यायचं. आणि हे नीट ऐका: हे पैसे प्रवासखर्चाचे आहेत. प्रदर्शनात मशीन आवडलं म्हणून या नोटांतून ॲडव्हान्स देऊन येऊ नका. मालाचे पैसे आयातीचे कागद दाखवून, बँकेमार्फत पाठवायचे असतात. नाहीतर माल बंदरात आल्यावर पैसे कसे दिले याचा पुरावाच तुमच्याकडे नसतो.

काउंटरवर

प्रत्येक शाखेत नोटा ठेवलेल्या नसतात. चार-पाच दिवस आधी फोन करून विचारा, ‘दिरहम आहेत का, नसतील तर कधी येतील, आणि दर मागवायच्या दिवसाचा लागेल की द्यायच्या दिवसाचा?’ विमानतळावर घेऊ म्हणून सोडून देऊ नका, तिथला दर बहुतेक वेळा सगळ्यात महाग असतो.

नोटा मोजताना 500 च्या बंडलावर खूश होऊ नका. टॅक्सीसाठी 10, 20, 50 च्या मागून घ्या. फाटलेली किंवा पेनने लिहिलेली नोट तिथेच बदलून घ्या. काउंटर सोडल्यावर कुणी ऐकत नाही.

पावती फाइलला लावा. ती तीनदा कामाला येते: उरलेल्या नोटा परत देताना, हिशोबात प्रवासखर्च दाखवताना आणि कुणी विचारलं तर चलन अधिकृत ठिकाणाहून घेतलं हे सांगताना. परत आल्यावर 2,000 डॉलरच्या आतल्या नोटा पुढच्या फेरीसाठी ठेवता येतात. त्यावरच्या 180 दिवसांत परत द्यायच्या. नाणी मात्र तिकडेच संपवा, बँक ती घेत नाही.

तर आज एवढंच करा. तुम्हाला हवं ते चलन घ्या, त्याचा आजचा CN SELL आणि CN BUY शोधा आणि दोन्हींतला फरक वहीत लिहा. त्या फरकाला तुम्हाला हव्या असलेल्या चलनाच्या रकमेने गुणा. तो आकडा बघितल्यावर किती नोटा घ्यायच्या, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.