जर्मन मुलाखतीतले तीन अवघड प्रश्न

जर्मनीतल्या रुग्णालयात नोकरीसाठी मुलाखत देताना तीन प्रश्न हमखास येतात: तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या, उणिवा कोणत्या, आणि मधली दोन वर्षं तुम्ही काय करत होतात? समोरच्याला इथे विशेषणं नको असतात, कामातला दाखला हवा असतो. नाशिकच्या एका परिचारिकेचं उदाहरण घेऊ.

'इश् आर्बाइटे झोर्गफेल्टिश', म्हणजे मी काळजीपूर्वक काम करते, एवढ्यावर ती थांबली तर उत्तर पोकळ वाटेल. तिने लगेच जोडावं: 'बाइ येडर यूबरगाबे प्र्यूफे इश् दी मेडिकामेंटे नोख आइनमाल.' पाळी बदलताना मी औषधं पुन्हा तपासते. आता गुणामागे रोजची सवय दिसते.

उणिवेच्या प्रश्नाला 'मी फार परिपूर्णतावादी आहे' हे उत्तर इतकं घासून गुळगुळीत झालं आहे की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खरी, पण काम अडणार नाही अशी उणीव सांगावी आणि तिच्यावरचा उपायही: फोनवरचं भराभर बोललेलं जर्मन समजायला मला अजून जड जातं, 'देसहाल्ब वीडरहोले इश् दी आंगाबेन', म्हणून मी माहिती पुन्हा म्हणून दाखवते. 'देसहाल्ब'नंतर आधी क्रियापद, मग कर्ता. मराठी माणूस सवयीने 'देसहाल्ब इश्' म्हणून जातो. औषधांच्या मात्रा चुकतात, अशी उणीव मात्र परिचारिकेला भोवेल.

तिसरा प्रश्न करिअरमधल्या खंडाचा. जर्मन बायोडेटात प्रत्येक नोकरीपुढे महिना आणि वर्ष लिहितात, त्यामुळे रिकामी जागा लपत नाही. आपल्या परिचारिकेने त्या काळात सासूबाईंची शुश्रूषा केली. 'झाइट २०२१ फ्लेगे इश् माइने श्वीगरमुटर' असं ती म्हणाली, तर ऐकणाऱ्याला वाटेल की ती जबाबदारी आजही आहे, मग ही पूर्ण वेळ काम कशी करणार? 'झाइट' आणि वर्तमानकाळ एकत्र आले की काम अजून चालू आहे असाच अर्थ निघतो. संपलेल्या काळासाठी दोन्ही टोकं सांगावीत: 'फोन मेर्त्स २०२१ बिस यूनी २०२३ हाबे इश् माइने श्वीगरमुटर गेफ्लेग्ट.' मार्च ते जून अशी मुदत कळते आणि शेवटच्या 'गेफ्लेग्ट'ने काम झाल्याचंही कळतं. मग त्या काळात जर्मन शिकले असेल तर तेही सांगावं आणि वर्तमानावर यावं: 'येट्स्ट कान इश् वीडर फोलत्साइट आर्बाइटेन.' आता मी पुन्हा पूर्ण वेळ काम करू शकते.

खंड आजारपणामुळे पडला असेल तर रोगाचं नाव सांगायची गरज सहसा नसते. प्रकृतीच्या कारणाने थांबले होते, आता कामाला सक्षम आहे, एवढं पुरतं. मुलं कधी होणार, हा प्रश्न तर जर्मन कायद्याने मालकाला विचारताच येत नाही. उत्तर देऊन झालं की थांबावं. पुढचं विचारायचं की नाही, ते समोरचा ठरवेल.