वक्ते वाटेत आहेत

व्याख्यान साडेसहाचं आणि वक्त्यांची गाडी घाटात अडकलेली. अशा वेळी सूत्रसंचालकाने परिचयाचा कागद घडी करून खिशात ठेवावा. पदव्या, पुरस्कार आत्ताच वाचले, तर वक्ते आल्यावर सांगायला उरतं काय? उशीर सरळ सांगावा. ‘पाचच मिनिटांत पोचतील’ असं मात्र म्हणू नये. मग व्याख्यानमालांची गोष्ट काढावी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथून आपल्या गावच्या मालेपर्यंत यावं. वक्त्यांचा विषय आपणच मांडू नये (मोह फार होतो!). किस्से तीन-चार वाक्यांचेच हवेत. दाराशी उभ्या कार्यकर्त्याने मान हलवली, की चालू वाक्य पुरं करून थांबता येतं. मग खिशातला कागद बाहेर काढायचा.