बिबट्या खरा, पण उजेड कुठला? फोटोतला जोड रंगावरून ओळखताना

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. यावेळी फोन हातात ठेवूनच वाचा, कारण मध्येच एक प्रयोग आहे.

समजा, रात्री साडेनऊला ग्रुपवर फोटो पडला. पिवळ्या दिव्याखालचा रस्ता, बाजूला भिंत, भिंतीजवळ बिबट्या. खाली लिहिलंय, "शिरवळ, आत्ताच, सावध राहा." आपल्याकडे ज्यांची रात्रपाळीची वीज असते त्यांना पाणी द्यायला रात्रीच शेतात जावं लागतं. फोटो खोटा असेल तर एका पाळीचं पाणी उगाच बुडतं. खरा असेल आणि आपण हसण्यावारी नेला, तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ. म्हणून "मला तर फेक वाटतो" एवढ्यावर भागत नाही, का वाटतो ते सांगता आलं पाहिजे.

असा फोटो बनवताना सहसा बिबट्या एका फोटोतून कापतात आणि दुसऱ्या फोटोत चिकटवतात. कडा नीट पुसता येतात, पण उजेडाचा रंग पुसायचा राहून जातो.

उजेडाला रंग असतो

लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, अजून तापलं की पांढऱ्याकडे जातं. त्यावरूनच उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुना पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, रस्त्यावरचा सोडियमचा दिवा २००० च्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५०० आणि ढगाळ दिवस ६५०० च्या पुढे. आकडा लहान तितका उजेड केशरी, मोठा तितका निळसर.

आपला मेंदू हे सगळं गुपचूप सांभाळून घेतो, म्हणून बल्बखालीही कागद आपल्याला पांढराच दिसतो. फोनला मात्र हिशोब करावा लागतो. उजेड कसा असावा याचा तो अंदाज बांधतो आणि लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांना ठरावीक पटीने कमी-जास्त करतो. हाच व्हाइट बॅलन्स. आपल्या कामाची गोष्ट अशी, की ही दुरुस्ती साधारणपणे पूर्ण फोटोला एकच लागते. फोनचा अंदाज चुकला तरी सगळंच मिळून पिवळं किंवा सगळंच मिळून निळं होतं. म्हणून एकाच दिव्याखालच्या दोन पांढऱ्या वस्तू फोटोत सारख्याच रंगाच्या दिसायला हव्यात. तसं नसेल तर दोन उजेड आहेत, किंवा दोन फोटो आहेत.

शेळीचा प्रयोग

बिबट्या काही माझ्यासाठी पोज देणार नाही, म्हणून शेजारच्यांची पांढरी शेळी घेतली. शिरवळबाहेर एका गोदामाच्या फाटकावर अजून जुना सोडियमचा दिवा आहे आणि शेजारी चुना मारलेली भिंत. रात्री नुसत्या भिंतीचा फोटो काढला. शेळीचा फोटो दुपारी उन्हात काढला, कापला आणि भिंतीपुढे चिकटवला. छोट्या स्क्रीनवर बरा दिसत होता.

मग कलर पिकरने आकडे बघितले. भिंतीवर लाल २३२, हिरवा १६८, निळा ८४. शेळीच्या पाठीवर लाल २१४, हिरवा २१६, निळा २२२. म्हणजे भिंतीवर निळा लालच्या निम्म्याहूनही कमी आणि शेळीवर लालपेक्षा किंचित जास्त. दोन्ही पांढऱ्याच, पण एकीवर सोडियमचा दिवा आणि दुसरीवर दुपारचं ऊन.

आकड्यांत पडायचं नसेल तर स्नॅपसीडमध्ये फोटो उघडा, White Balance घ्या, ड्रॉपरचं चिन्ह दाबा आणि फुली भिंतीवर न्या. भिंत पांढरी होते. शेळी त्याच दिव्याखाली असती तर तीही पांढरी झाली असती. माझी शेळी नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी निळी झाली. खात्रीसाठी रात्री खरोखरच शेळी भिंतीपाशी उभी करून फोटो काढला. त्यावर हेच केलं, तर दोघी एकदमच पांढऱ्या झाल्या.

बिबट्याच्या फोटोत फुली कुठे ठेवायची? त्याची पिवळी पाठ सोडा, ती कुठल्याही पिवळ्या उजेडात खपून जाते. बिबट्याची हनुवटी, छाती आणि पोट पांढरं असतं. त्यातला थेट उजेड पडलेला भाग घ्या. पोटाखालचा नको, तिथे जमिनीचा किंवा गवताचा रंग परतून येतो. आणि पांढराफट्ट जळालेला भाग नको, कारण तिथे तिन्ही आकडे २५५ ला टेकलेले असतात आणि रंगाची माहितीच उरलेली नसते.

बनवणारा हुशार असला तर?

तो म्हणेल, शेळीला थोडं केशरी करतो. मीही केलं. पाठ भिंतीशी जुळली, पण गळ्यातल्या निळ्या दोरीने घात केला. सोडियमच्या उजेडात निळा भाग फारच थोडा असतो, त्यामुळे खऱ्या रात्रीच्या फोटोत ती दोरी जवळजवळ काळी आली होती. चिकटवलेल्या शेळीची दोरी मात्र केशरी छटा देऊनही निळसर-हिरवी राहिली. उजेडात जो रंग नाही तो वस्तूवरून परत येणार कुठून? म्हणून पिवळ्या सोडियम दिव्याखाली कुणाचा शर्ट छान निळा दिसत असेल, तर तिथे थांबा.

फॉरेन्सिकवालेही याच तत्त्वावर काम करतात. २०१३ मध्ये ब्राझील आणि जर्मनीतल्या संशोधकांनी एका फोटोतल्या वेगवेगळ्या चेहऱ्यांवरच्या उजेडाचा रंग ताडून जोडलेला चेहरा शोधायची पद्धत मांडली. आपण हनुवटी आणि भिंत ताडतो, ते चेहरा आणि चेहरा ताडतात.

इथे फसू नका

खऱ्या फोटोतही दोन उजेड असू शकतात. दिवा सोडियमचा आणि समोरून गाडीचा पांढरा हेडलाइट, तर बिबट्या खरोखरच भिंतीपेक्षा निळसर दिसेल. मग त्याच्या पायाजवळची जमीन बघा. हेडलाइट बिबट्यावर पडतो तर जमिनीवरही पडणार आणि सावली मागे जाणार. जमीन पूर्ण केशरी आणि बिबट्या तेवढा पांढरा, असं असेल तर संशय पक्का धरा. फोनच्या फ्लॅशलाही हाच नियम: जवळच्या वस्तूवर जास्त, लांबच्यावर कमी.

व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि रंगाचे बारकावे आधी जातात. म्हणून एका टिंबावर विसंबू नका, मोठ्या पट्ट्यावर तीन-चार ठिकाणी आकडे घ्या. पूर्ण फोटोवर फिल्टर असेल तर आकडे बदलतात, पण दोन वस्तूंमधला फरक बहुतेक वेळा टिकतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत ही युक्ती चालत नाही.

आणि रंग जुळला म्हणजे बातमी खरी असंही नाही. दुसऱ्याच जिल्ह्यातला, दोन वर्षांपूर्वीचा अस्सल फोटो "शिरवळ, आत्ताच" म्हणून फिरला, तर त्यात रंग शंभर टक्के जुळणार. रंग फक्त एवढंच सांगतो की दोन तुकडे एकाच उजेडातले आहेत की नाहीत. म्हणून फरक दिसला तर ग्रुपवर कारणासकट लिहा: "भिंत केशरी, हनुवटी पांढरी, जमिनीवर हेडलाइट नाही." फरक दिसला नाही आणि शंका असेल, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत एकट्याने शेतात जाऊ नका.

तुमच्या गॅलरीत रात्रीचा एखादा फोटो असेलच. त्यातल्या दोन पांढऱ्या वस्तू शोधा, फुली ठेवा आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!