"बिल आलेलं नाही": सात मेलमधली एक गोष्ट

मागच्या व्हिडिओत ही गोष्ट घाईत सांगितली होती, इथे मेलसकट देतो. दुकान आणि माणसं मी क्लाससाठी बनवलेली आहेत, जीएसटीच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

हार्डवेअरचं दुकान. खरेदी बघणारे दादा घनसावंगीच्या गोदामावर, हिशेब बघणाऱ्या ताई जालन्याच्या ऑफिसात. जांब समर्थला माझ्या दुकानात असं काही झालं तर काउंटरवरच दोन मिनिटांत मिटतं. इथे मात्र दोघांच्या मध्ये फक्त मेल.

२६ जुलैला २ टन सळई आली. माल १,००,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १८,०००. दादांनी २७ जुलैला बिलाचा फोटो ताईंना मेल केला. त्यानंतर थेट १६ ऑगस्ट.

मेल १. ताई, सीसीमध्ये शेठ. विषय: बिल
"दादा, २६ जुलैच्या सळईचं बिल आलेलं नाही. २० तारखेच्या आत लागेल."

मेल २. दादा, सगळ्यांना उत्तर
"ताई, बिल २७ जुलैलाच पाठवलंय. मेल नीट शोधा. आणि दर वेळी शेठना मध्ये घ्यायची गरज नाही."

गंमत बघा, दोघंही खरंच बोलतायत. ताईंना म्हणायचं होतं की बिल जीएसटीआर-२बी मध्ये आलेलं नाही. पुरवठादाराने त्याचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत भरायचं असतं, आणि १४ तारखेला आपल्याला पोर्टलवर २बी तयार मिळतं. त्यात बिल दिसलं तरच त्यावरच्या कराची वजावट घेता येते. बिलाचा कागद हातात असून भागत नाही. दादांनी मात्र वाचलं, "तुम्ही बिल दिलं नाही." आपल्या मराठीत 'आलेलं नाही' म्हटलं की कुठे आणि कोणाकडून ते सांगावं लागत नाही. समोरासमोर ते हातवाऱ्यावरून कळतं, मेलमध्ये हातवारा जात नाही.

मेल ३. ताई
"तुमचा मेल माझ्याकडे आहेच. पोर्टलवर नाही म्हणतेय."

मेल ४. दादा
"पोर्टलवर चढवायचं काम माझं नाही. मी माल उतरवून घेतो."

खरं तर तिसऱ्या मेलमध्येच उलगडा होता. पण दादांना पोर्टलवर बिल कोण चढवतं हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते आणखी एक काम गळ्यात मारल्यासारखं वाटलं. ते ना ताई चढवतात ना दादा, ते पुरवठादार चढवतो. आणि पुरवठादाराशी रोजचं बोलणं कोणाचं? दादांचं. ताईंना हवी ती मदत एवढीच होती, पण ती एकाही मेलमध्ये मागितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, ताईंनी नवीन मेल काढला. जुन्या भांडणाखाली उत्तर लिहिलं नाही, सीसी काढला आणि २बीचा स्क्रीनशॉट जोडला.

मेल ५. ताई, फक्त दादांना. विषय: २६ जुलै सळई बिल, २बीमध्ये दिसत नाही, पुरवठादाराला फोन हवा
"दादा, तुमच्याकडून बिल वेळेवर मिळालं, त्यात काही चूक नाही. पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये ते दाखवलेलं नाही, फोटो बघा. त्याने जीएसटीआर-१ भरलं का, एवढं विचाराल का? माझी त्याच्याशी ओळख नाही."

मेल ६. दादा, तासाभराने
"ताई, त्यांचा अकाउंटंट गावी गेला होता, रिटर्न राहिलंच होतं. आज भरतो म्हणाले. मला वाटलं तुम्ही शेठना सांगताय की मी बिल दाबून ठेवलं. म्हणून रागात लिहिलं."

या मेलमुळे ताईंना पहिल्यांदा कळलं की खरी बोच सीसीची होती.

मेल ७. ताई
"शेठना सीसी केलं कारण हे १८,००० या महिन्यात वजा होणार नाहीत. २० तारखेला ३बी भरताना तेवढी रक्कम बँकेतून जास्त भरावी लागेल, आणि बँकेवर सही त्यांची आहे. हे मी लिहायला हवं होतं. आज भरलेलं बिल १४ सप्टेंबरच्या २बीमध्ये दिसेल, तेव्हा वजावट घेऊ."

लक्षात घ्या, गैरसमज मिटला म्हणून १८,००० वाचले नाहीत. ११ तारीख हुकली की त्या महिन्याचं २बी हुकलं, मग फोन १६ ला करा नाहीतर १७ ला. पैसे एक महिना अडकलेच. वाचवायचे असते तर दादांचा फोन ९-१० ऑगस्टला जायला हवा होता. म्हणून सप्टेंबरच्या ८ तारखेला दादांनी स्वतःहून मेल केला, सीसीमध्ये शेठ: "ताई, ऑगस्टच्या तीन पुरवठादारांना फोन केला. दोघांनी भरलंय, तिसरा उद्या भरतो."